लाल रेघेजवळच्या दोन जागा

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला रघुदादांनी मला तो फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "चैत्राली, रिकाम्या किती ते मोज. चौदा पाहिजेत. एकूण किती होतात तेही काढ. बेगा."

बेगा म्हणजे लवकर. सात वर्षांत एवढं कन्नड मला यायला लागलं होतं. आम्ही अनुरागच्या नोकरीसाठी साताऱ्याहून म्हैसूरला आलो आणि कुवेंपुनगरात या घराच्या वरच्या मजल्यावर राहिलो ते राहिलोच. खाली घरमालक नागोजीराव आजोबा, इंदिराबाई आजी, त्यांचा मुलगा रघुदादा, सून रजनीवहिनी आणि नात यशस्विनी. त्यांचे पूर्वज इथल्या महाराजांच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणे. मराठी अजून घरात आहे, पण तिसऱ्या शब्दाला कन्नड येतं.

यशस्विनीचं स्थळ आम्हीच सुचवलं होतं. अनुरागचा मामेभाऊ कुशल, कोल्हापूरचा. शनिवारी तिकडेच सुपारी फोडायची ठरली. यांच्यात सुपारीला मुलगी जात नाही, पुरुषमंडळी जातात आणि कुंकू लावण्यापुरत्या तीन-चार बायका. म्हणून हिशेब असा झाला: दहा पुरुष, चार बायका. आणि माझी आभा, साडेचार वर्षांची. तिचं तिकीट लागत नव्हतं. पाचच्या आतलं मूल गाडीवाले मोजत नाहीत.

मी आभाची वेणी अर्धी सोडून फोटो मोठा केला.

देवराज मोहल्ल्यात भुवन नावाच्या माणसाचं तिकिटांचं दुकान आहे, तिथल्या कॉम्प्युटरच्या पडद्याचा तो फोटो होता. पडद्याचा फोटो काढला की त्यावर पाण्यासारख्या लाटा उठतात, तशा उठल्या होत्या. वर ट्यूबलाइटचं लांबट प्रतिबिंब. एसी स्लीपर गाडी, शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच. डाव्या बाजूला एकेकटे बर्थ, उजव्या बाजूला जोडीचे. एक आकृती खालच्या बर्थांची, एक वरच्यांची. आणि सगळ्यात खाली खुणांचा अर्थ सांगणारी पट्टी: पांढरा चौकोन म्हणजे रिकामी, करडा म्हणजे गेलेली, गुलाबी भरलेला म्हणजे बाईनं घेतलेली. चौथी खूण ट्यूबलाइटच्या उजेडात धुऊन गेली होती, मला तो पांढराच चौकोन वाटला. पाचव्या खुणेवर रघुदादांचा अंगठा होता.

मी बी.कॉम. आभा होईपर्यंत एका ऑडिटरकडे काम करत होते. मोजायचं म्हटलं की माझं डोकं शांत होतं, उरलेल्या वेळी ते फारसं नसतं. मी कागदावर लिहिलं:

खालचे एकेकटे, दोन रिकामे, पंधराशेप्रमाणे तीन हजार. खालचे जोडीतले, चार, चौदाशेप्रमाणे पाच हजार सहाशे. वरचे एकेकटे, दोन, तेराशेप्रमाणे दोन हजार सहाशे. वरचे जोडीतले, सहा, बाराशेप्रमाणे सात हजार दोनशे.

चौदा जागा, बरोब्बर चौदा. अठरा हजार चारशे. दहाच्या वर माणसं असली की भुवन दहा टक्के सोडतो, म्हणजे सोळा हजार पाचशे साठ. त्यावर एसीचा पाच टक्के जीएसटी, आठशे अठ्ठावीस. एकूण सतरा हजार तीनशे अठ्ठ्याऐंशी.

मी सगळं टाइप करून पाठवलं आणि शेवटी लिहिलं, "खालच्या आकृतीत उजवीकडे, मागच्या बाजूला दोन बर्थांची जागा कोरी आहे. तिथे एक लाल रेघ आहे. ती कशाची? अंगठा काढून परत फोटो पाठवता का?"

रघुदादांचा फोनच आला. "अय्यो चैत्राली, डाग असेल स्क्रीनवर. चौदा मिळाल्या ना? आयितु, झालं तर. मी पाच हजार ॲडव्हान्स देऊन टाकतो."

"पण दादा, आकृतीत जोडीच्या सहा रांगा आहेत. वर बारा बर्थ आहेत आणि खाली दहाच."

"तू गाडी विकत घेतेस की तिकीट?" असं म्हणून ते हसले आणि फोन ठेवला.

मीही हसले. मग आभाची उरलेली वेणी घातली. एकूण बर्थ मी पुन्हा मोजले. खाली सहा आणि दहा, सोळा. वर सहा आणि बारा, अठरा. चौतीस.

संध्याकाळी दिवेलागणीला खाली देवापाशी सगळे जमले होते. यशस्विनी साखरेच्या पुड्या बांधत होती, आजी तिला पुड्या सैल होतात म्हणून बोलत होत्या. रघुदादा फोन बंद करत आत आले. चेहरा उतरलेला.

"दोन कमी पडतात."

"कशा?" मी विचारलं. "चौदा होत्या."

"होत्या, पण त्यातल्या सहा बायकांच्याच. गुलाबी किनार असलेल्या. शेजारी बाई बसलेली असली की तिथे पुरुष बसवत नाहीत म्हणे. हॉस्टेलच्या मुली आहेत, सुट्टीला घरी चालल्यात, एकेकट्यांनी बुक केल्यात. सहा मुली."

मी फोटो परत उघडला. आता माहीत असल्यामुळे दिसलं. त्या सहा चौकोनांना अगदी फिकट गुलाबी किनार होती आणि प्रत्येकाला चिकटून एक भरलेला गुलाबी चौकोन. ट्यूबलाइटखाली धुऊन गेलेली चौथी खूण हीच होती: रिकामी, फक्त महिलांसाठी. आपल्याकडे बायका चारच. म्हणजे सहातल्या दोन वाया. पुरुष दहा आणि निव्वळ पांढऱ्या जागा आठ.

"माझीच चूक," मी म्हणाले.

"चूक कसली, तो फोटोच तसला," रजनीवहिनी म्हणाल्या. "यांना फोटो काढायचा म्हटला की अंगठा आधी येतो. आमच्या लग्नाच्या अल्बमात बघ, निम्म्या फोटोत यांचा अंगठा."

"लग्नाचे फोटो मी कसे काढीन गं, मी नवरदेव होतो," रघुदादा म्हणाले आणि मग त्यांचा चेहरा जरा खुलला. "पण झालंय काम. भुवननं दोन जागा करून दिल्या. एक्स्ट्रा. ई-वन, ई-टू. खालच्याच, जोडीच्या, आणि हजारालाच. चैत्राली, नवा हिशेब काढ बघू."

मी काढला. पांढऱ्या आठ: खालचे एकेकटे दोन, तीन हजार. वरचे एकेकटे दोन, दोन हजार सहाशे. खालची एक जोडी, दोन हजार आठशे. वरची एक जोडी, दोन हजार चारशे. दहा हजार आठशे. बायकांच्या चार: दोन खाली चौदाशेप्रमाणे, दोन वर बाराशेप्रमाणे, पाच हजार दोनशे. बारा जागांचे सोळा हजार. वर या दोन जादा जागांचे दोन हजार. अठरा हजारांतून दहा टक्के गेले, सोळा हजार दोनशे. जीएसटी आठशे दहा. सतरा हजार दहा.

"म्हणजे तीनशे अठ्ठ्याहत्तर रुपये वाचले की!" रघुदादांनी मांडीवर थाप मारली. "नोडू, बघ, देवाच्या कामात असंच होतं."

"ई-वन, ई-टू कोण घेणार?" अनुरागनं विचारलं.

"तू आणि मी. मध्यस्थ आणि नवरीचा बाप. दोघांनी मिळून जागायचं आणि मी तुझ्या मामाची निंदा करायची."

"मग मी बाबाजवळ," आभा म्हणाली. ती बाबाशिवाय झोपत नाही, हे खालीसुद्धा सगळ्यांना पाठ आहे.

कुणालाच काही वाटलं नाही. मला मात्र ती आकृती डोळ्यांपुढे दिसत होती. खालच्या चौकटीत दोनच बर्थ मावतील एवढी कोरी जागा एकच होती.

"रघुदादा, या दोन जागा आहेत कुठे?"

"खाली. मागे. उजवीकडे."

"लाल रेघेजवळ?"

ते एक पुडी उचलून बांधायला लागले. "सुम्ने का काळजी करतेस गं तू?" सुम्ने म्हणजे उगाच. हा शब्द या घरात मी सगळ्यांत जास्त ऐकलाय. "काळजीचं दुकान घालशील तर भुवनच्या शेजारचा गाळा रिकामा आहे."

सगळे हसले. आजोबा तेवढे हसले नाहीत. ते तीस वर्षं सरकारी बसच्या डेपोत मेकॅनिक होते, आता कान जरा कमी आहेत. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसेल.

गुरुवारी सकाळी रघुदादा उरलेले पैसे भरायला निघाले, तेव्हा मी आभाला घेऊन त्यांच्याबरोबर गेले. यशस्विनीच्या ब्लाउजचं अस्तर आणायचंय, असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

भुवनचं दुकान म्हणजे दोन शिंप्यांच्या मधली फट. पुढे काच, आत एक टेबल, पडदा आणि उदबत्ती. भुवन तिशीतला, हसरा. आभाला त्यानं लगेच एक गोळी दिली. बोलणं कन्नडात चाललं होतं. मला कळत होतं, बोलायला मात्र धाप लागत होती.

"पडदा जरा इकडे वळवता का?" मी म्हणाले.

त्यानं वळवला. ट्यूबलाइट नाही, अंगठा नाही. पट्टीतल्या पाचही खुणा स्वच्छ दिसत होत्या. पाचवी एक आडवी लाल रेघ होती. तिच्यापुढे लिहिलं होतं: आपत्कालीन दरवाजा.

मी आभाचा हात धरला. तो गोळीनं चिकट झाला होता.

"आणि ई-वन, ई-टू?"

"ते इथे दिसत नाहीत, मॅडम. सिस्टिममध्ये चौतीसच. हे आम्ही वहीत लिहितो." त्यानं वही उघडून दाखवली. पेनानं काढलेली तीच आकृती आणि लाल रेघेला खेटून दोन चौकोन. "मालकाच्या तिन्ही गाड्यांत केलेत. सीझनला लागतात."

"दारापुढे?"

"दार आहे ना. दार कुठे गेलंय? मध्ये एक फळी, वर गादी. वेळ आलीच तर फळी उचलली की दार मोकळं."

"कोण उचलणार?"

भुवन हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, तेच मला जास्त लागलं. "त्यावर जो झोपलाय तो."

मी रघुदादांकडे बघत होते. ते वहीतल्या चौकोनाकडे बघत होते, जिथे भुवनच्या अक्षरात 'रघु + अनुराग' लिहिलेलं होतं. आभाचं नाव कुठेच नव्हतं. असायचं कारणच नव्हतं.

"दादा, आजोबांना फोन लावा."

"त्यांना कशाला आता?"

"लावा ना."

त्यांनी लावला. स्पीकरवर टाकून मोठ्यानं सगळं सांगितलं, दोनदा. मग आजोबांनी एकच प्रश्न विचारला, कन्नडात. त्या फळीला बिजागरी आहे की बोल्ट?

"बोल्ट," भुवन चटकन म्हणाला. "नाहीतर रात्रभर खडखड वाजते. पॅसेंजर तक्रार करतात."

म्हणजे ती फळी नुसत्या हातानं उचलताच येत नव्हती.

"रघू," आजोबांचा आवाज आला, आता मराठीत. "पैसे देऊ नको. डेपोत कुट्टप्पाचा मुलगा आहे, त्याला विचारतो. बेळगावपर्यंत लाल बसनं जाऊ, तिथून कोल्हापूर. बसून जाऊ."

"अप्पा, रात्रभर बसून? आईचे गुडघे..."

"गुडघे घेऊन परत येईल ती. घरी ये."

रघुदादांचा चेहरा लाल झाला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पाच हजार दिलेत मी ॲडव्हान्स."

"देतो साहेब, बुडवत नाही," भुवन म्हणाला. "शुक्रवारची गाडी आहे. तुम्ही सोडल्या की जातील." त्यानं आमच्या जागांवरचा ताबा काढला. बारा चौकोन परत पांढरे आणि गुलाबी किनारीचे झाले.

मग जे झालं ते मी उभ्या उभ्या बघितलं. दोन मिनिटंसुद्धा गेली नसतील. वरच्या जोडीतला एक पांढरा चौकोन करडा झाला. लगेच त्याच्या शेजारचा. कुठेतरी, कुणीतरी, फोनवर बोट ठेवत होतं. खालचा एकेकटा करडा. एक किनारीचा चौकोन भरून गुलाबी झाला, म्हणजे आणखी एक मुलगी. भुवन ॲडव्हान्सच्या नोटा मोजत होता. त्याचा फोन वाजला, त्यानं खांद्याला फोन लावून विचारलं, "किती जण? सिंगल लोअर एकच आहे. नाहीतर एक्स्ट्रा देतो, हजारात."

"चल," रघुदादा म्हणाले.

मला निघता येईना. पहिल्यापासूनच्या त्या सहा मुली, आताची सातवी. त्यांच्या आया कुठे असतील, त्यांनी पडदा वळवून बघितला असेल का. मी विचारलं, "गाडीचा नंबर काय?"

"तो आत्ता नसतो, मॅडम. तीनपैकी कुठली लागेल ते मालक ठरवतो. शुक्रवारी दुपारी पॅसेंजरला मेसेज जातो. नंबर, कंडक्टरचा फोन, सगळं."

"फक्त पॅसेंजरला?"

"मग काय गावाला पाठवू?"

नंबर नसेल तर तक्रार कुणाची करायची? तीन गाड्या, पांढऱ्या, एका मालकाच्या. मी पर्स उघडली.

"ई-वन मला द्या. एकच."

रघुदादा माझ्याकडे बघतच राहिले. भुवनही. "आत्ताच तर नको म्हणालात."

"एक पाहुणी यायची आहे. माझ्या नावावर लिहा. चैत्राली, वय एकतीस, महिला."

"ग्रुपचा डिस्काउंट नाही मिळणार."

"नको."

हजार आणि जीएसटी पन्नास. एक हजार पन्नास. त्यानं ॲडव्हान्समधून कापून रघुदादांना तीन हजार नऊशे पन्नास दिले, मी तिथल्या तिथे रघुदादांच्या फोनवर एक हजार पन्नास पाठवले. भुवननं वहीत पहिल्या चौकोनात माझं नाव लिहिलं आणि दुसऱ्या चौकोनाला पेनानं दुहेरी किनार काढली. बाईच्या शेजारी बाईच. ज्या नियमानं काल आमची दोन माणसं बाहेर ठेवली होती, तोच आता ई-टूवर बसून राहील, असा माझा हिशेब होता. एक जागा माझी, रिकामी. दुसरी बाईशिवाय कुणाला देता येणार नाही. दारापुढे गादी असेल, फळी असेल, पण निदान माणूस नसेल.

घराशी स्कूटरवरून उतरताना रघुदादा म्हणाले, "मुलीच्या कामाला निघताना मनात असलं आणू नये, चैत्राली. अपशकुन असतो."

"मी आणलं नाही, दादा. ते तिथे होतं."

त्यांनी आभाला उतरवून घेतलं, जरा जास्तच घट्ट धरून, आणि आत गेले.

शुक्रवारी दुपारी तीन चाळीसला मेसेज आला. गाडीचा नंबर, कंडक्टरचा फोन, 'सुखद प्रवासासाठी शुभेच्छा'. आमची लाल बस साडेचारची होती. बॅगा दारात, आजी दह्याची वाटी घेऊन प्रत्येकाच्या तळहातावर दही घालत होत्या. मी जिन्यात बसून परिवहन खात्याच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. चौथ्या खेपेला लागला. पलीकडच्या बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं. गाडीचा नंबर दोनदा म्हणून दाखवला. पडद्याचा फोटो आणि वहीचा फोटो, जो मी भुवनच्या नकळत काढला होता, दोन्ही पाठवायला सांगितले.

"गाडी आज साडेपाचला सुटते," मी म्हणाले. "कुणी बघेल का, सुटण्याआधी?"

"तक्रार नोंदवली आहे, मॅडम. कारवाई होईल."

"कधी?"

"तक्रारीचा नंबर येईल तुम्हाला."

नंबर आला. अकरा आकडी.

लाल बस भरलेली होती, पण आमच्या चौदाही जागा एकत्र होत्या. कुट्टप्पाच्या मुलानं शब्द पाळला होता. खिडक्यांच्या काचा खुळखुळत होत्या, आजींच्या पायाखाली पिशवी, मांडीवर साखरेच्या पुड्या. आजोबा चढल्या चढल्या मागपर्यंत गेले, आपत्कालीन दाराची मूठ धरून हलवून बघितली, परत येऊन बसले. रघुदादांनी अनुरागला ऐकू जाईल असं म्हटलं, "या बसमध्ये तुझ्या मामाची निंदा करायची तर ओरडून करावी लागेल. सगळ्या गाडीला कळेल." रजनीवहिनी हसल्या. आभा बाबाच्या मांडीवर पसरली होती, पाय माझ्याकडे.

श्रीरंगपट्टणचा पूल केव्हाच मागे पडला होता, साडेपाच वाजून गेले होते, तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी नव्हता. मेसेजमधला कंडक्टरचा नंबर मी सेव्ह केला होता.

"ई-वन? चैत्राली? कुठे आहात? गाडी थांबलीय तुमच्यासाठी."

"मी येत नाहीये."

"नाही? मग सांगायचं ना." मागे इंजिनाचा आवाज, कुणीतरी सामान ढकलतंय. म्हणजे गाडी अजून म्हैसुरातच होती, सुटायची होती. मी विचारलं, "कुणी आलं होतं का गाडी बघायला? तपासायला?"

"कोण येणार?"

"किती भरलीय?"

"फुल. तुमचीच आणि शेजारची राहिलीय."

"ती रिकामी ठेवा. पैसे भरलेत मी. ऐकताय ना? दोन्ही रिकाम्या ठेवा. शेजारचीचे मी आत्ता पाठवते."

तो हसला. भुवनसारखाच, मनात काही न ठेवता. "रिकामी नेऊन काय करू, मॅडम? इथे एक लेडीज उभी आहे, तिला हुबळीला जायचंय, कुठे जागा नाही. तुमची जागा लेडीजचीच आहे. बरं झालं."

"नाही, तिला नका देऊ. ते दार आहे. फळीला बोल्ट..."

माझं कन्नड तोंडातल्या तोंडात अडकलं. बोल्टला काय म्हणतात, फळीला काय म्हणतात, दार कसं उघडतं, सगळं एकदम विसरले. आजोबा वळून माझ्याकडे बघत होते. मी फोन त्यांच्या हातात द्यायला पुढे केला, तेवढ्यात पलीकडे तो दुसऱ्या कुणाला तरी म्हणाला, "चढा, चढा, यांनीच सोडली." आणि फोनजवळ एक बाईचा आवाज आला, दमलेला, माझ्याएवढ्याच वयाचा.

"थँक्स हं, अक्का. देवासारख्या भेटलात. पिल्लू कधीचं उभं होतं."

"ऐका," मी मराठीतच ओरडले. बस निम्मी वळून बघायला लागली. "ऐका, तिथे झोपू नका!"

फोन बंद झाला होता.

आजोबांनी माझ्या हातातून तो घेतला आणि परत लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला. मग पुन्हा. दर खेपेला ते कान पुढे करत होते, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून नव्हे. अनुरागनं तक्रारीच्या नंबरवर लावला, तिथे ऑफिसची वेळ संपल्याची सूचना लागली होती. रघुदादा उठून ड्रायव्हरजवळ गेले, रस्त्यावर पोलिसांची चौकी कुठे लागते ते विचारू लागले. आजींनी साखरेच्या पुड्या बाजूला ठेवल्या आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. या वेळी सुम्ने म्हणालं नाही कुणी.

मी मोजत होते. मला दुसरं काही येत नाही. चौतीस. त्यावर ई-वन. म्हणजे पस्तीस. ई-टूला कुणी बाई मिळाली असेल, तर छत्तीस. वहीत छत्तीस, पडद्यावर चौतीस. आणि ते पिल्लू. केवढं असेल ते, मी विचारलंच नाही. उभं राहू शकत होतं, म्हणजे दोनचं, तीनचं. चारचंही असेल.

पाचच्या आतलं मूल मोजत नाहीत. ते कुठल्याच चौकोनात नसणार.

आभानं झोपेत पाय ताणले आणि माझ्या पोटाला टेकवले. मी तिचा तळपाय दोन्ही हातांत धरून ठेवला. मागून येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीचा नंबर वाचत राहिले, अंधार पडून नंबर दिसेनासे होईपर्यंत.